वॉरंटी संपल्यावरचा टीव्ही

दसरा-दिवाळी जवळ आली की टीव्हीच्या जाहिराती सुरू होतात आणि त्यांच्या मागोमाग परीक्षणंही येतात. यातली बहुतेक परीक्षणं टीव्ही खोक्यातून बाहेर काढल्यावर आठ-पंधरा दिवसांत लिहिलेली असतात. त्या दिवसांत जवळपास प्रत्येक टीव्ही चांगलाच वाटतो. पडद्यामागचे दिवे नवे असतात, आतली साठवण रिकामी असते आणि काही बिघडलंच तर कंपनी फुकट दुरुस्त करून देणार असते. वर्षभरात या तिन्ही गोष्टी बदलतात. त्यामुळे टीव्हीबद्दल उपयोगाचं काही सांगायचं, तर ते अनेक महिने रोज वापरल्यावर आणि शक्यतो वॉरंटी संपल्यावरच सांगायला हवं.

हा लेख अशाच एका टीव्हीबद्दल आहे. रत्नागिरीतल्या आमच्या घरी तो दीडेक वर्षापासून रोज पाच-सहा तास चालतो. ४३ इंची फोरके एलईडी पडदा, गुगल टीव्ही प्रणाली, २ जीबी रॅम, १६ जीबी साठवण, २० वॅटचे स्पीकर आणि एक वर्षाची वॉरंटी. किंमत पंचवीस ते तीस हजारांच्या दरम्यान. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही. या किमतीत याच वर्णनाचे टीव्ही अनेक ब्रँड विकतात आणि त्यांचे पडदे जगातल्या मोजक्या कारखान्यांतून येतात. त्यामुळे इथे सांगितलेलं बरंचसं तुमच्या घरातल्या टीव्हीलाही लागू पडेल.

चित्र: दुकानातलं आणि घरातलं

एलईडी टीव्हीचा पडदा स्वतः उजळत नाही. पुढचं काचेसारखं पॅनेल फक्त प्रकाश अडवतं किंवा सोडतं. प्रकाश येतो तो त्याच्या मागे पट्ट्यांवर बसवलेल्या एलईडी दिव्यांतून. या व्यवस्थेला बॅकलाइट म्हणतात आणि मेकॅनिक त्या पट्ट्यांना सरळ ‘स्ट्रिप’ म्हणतात. टीव्हीचं आयुष्य बहुतांशी या स्ट्रिपवर अवलंबून असतं, म्हणून हे आधी लक्षात ठेवू. पुढे त्याची गरज पडणार आहे.

दुकानात टीव्ही ‘व्हिव्हिड’ नावाच्या मोडवर किंवा खास दुकानासाठीच्या डेमो मोडवर लावलेला असतो. त्यात बॅकलाइट शंभर टक्के असतो, रंग भडक केलेले असतात आणि पांढरा रंग निळसर दिसतो. ट्यूबलाइटच्या झगमगाटात शेजारच्या दहा टीव्हींतून उठून दिसण्यासाठी ते ठीक आहे. घरच्या दिवाणखान्यात मात्र डोळे थकतात, माणसांचे चेहरे लालबुंद दिसतात आणि दिवे सतत पूर्ण ताकदीने जळत राहतात. आम्ही पहिल्याच आठवड्यात ‘मूव्ही’ मोड लावला आणि बॅकलाइट साठ टक्क्यांच्या आसपास आणला. काही टीव्हींमध्ये ‘फिल्ममेकर’ नावाचा मोडही असतो. दिग्दर्शकाने ठरवलेले रंग आणि गती तशीच दिसावी म्हणून टीव्ही कंपन्या आणि चित्रपट स्टुडिओ यांच्या संघटनेने तो २०१९ मध्ये पुढे आणला. हे मोड सुरुवातीला पिवळट आणि मंद वाटतात. आठ दिवस धीर धरला की डोळे सरावतात आणि मग जुना मोडच बटबटीत वाटू लागतो.

या किमतीतल्या टीव्हीमध्ये पॅनेल दोन प्रकारचं असतं, व्हीए किंवा आयपीएस. खोक्यावर हे बहुधा लिहिलेलं नसतं, पण ओळखणं सोपं आहे. समोरून बघा आणि मग चार पावलं बाजूला जाऊन बघा. बाजूने बघताना रंग फिके पडले, तर पॅनेल व्हीए आहे. रंग टिकले पण अंधाऱ्या दृश्यातला काळा रंग राखाडी दिसला, तर आयपीएस. व्हीए पॅनेलमध्ये पांढऱ्या आणि काळ्यातला फरक तीन-चार हजारांना एक असा असतो, आयपीएसमध्ये तो साधारण हजाराला एक भरतो. आमचं पॅनेल व्हीए आहे. ‘तुंबाड’ हा २०१८ चा चित्रपट या परीक्षेसाठी फार चांगला. पाऊस, कंदिलाचा उजेड आणि वाड्यातला अंधार यांवरच तो सगळा उभा आहे. दिवे मालवून समोर बसल्यावर वाड्यातल्या अंधाराच्या छटा आमच्या टीव्हीवर वेगवेगळ्या दिसतात. त्याच वेळी कोपऱ्यातल्या दिवाणावरून बघणाऱ्याला चित्र धुतल्यासारखं दिसतं. घरात सगळे समोर बसत असतील तर व्हीए घ्यावा. खोली लांबट असेल आणि माणसं तिन्ही बाजूंना बसत असतील तर आयपीएस बरा.

फोरके या शब्दाला फार भुलू नये. ४३ इंची पडद्यापासून आठ-दहा फुटांवर बसल्यावर फुल एचडी आणि फोरके यांतला फरक बहुतेकांच्या डोळ्यांना कळत नाही. उलट डिशवरून येणारी साधी, एसडी वाहिनी मोठ्या फोरके पडद्यावर जास्तच पुसट दिसते, कारण ५७६ ओळींचं चित्र ताणून २१६० ओळींत भरावं लागतं. मालिका आणि बातम्याच जास्त पाहिल्या जात असतील, तर फोरके टीव्हीसाठी जादा पैसे मोजण्यापेक्षा सेट-टॉप बॉक्स एचडी करून घेतल्याने जास्त फरक पडतो.

क्रिकेटची गोष्ट वेगळी. कॅमेरा चेंडूमागे वेगाने फिरतो तेव्हा ६० हर्ट्झच्या स्वस्त पॅनेलवर चेंडूला शेपूट फुटल्यासारखी दिसते. ती घालवण्यासाठी टीव्ही मधली चित्रं स्वतः बनवून भरतो. सेटिंग्जमध्ये याला मोशन स्मूथिंग किंवा एमईएमसी म्हणतात. सामन्यासाठी ते कमी पातळीवर ठेवलं तर फायदा होतो. चित्रपटाला तेच लागू राहिलं की मोठ्या पडद्यासाठी बनवलेलं दृश्य मालिकेसारखं गुळगुळीत दिसू लागतं, म्हणून तिथे ते बंदच ठेवावं.

आता महिन्यांनंतरचं. वर्षभरात आमच्या टीव्हीचे रंग फारसे बदलले नाहीत. बदलली ती उजेडाची समानता. पूर्ण पडदाभर एकसारखा राखाडी रंग दाखवणारं चित्र पेन ड्राइव्हवर घेऊन लावलं, तर कुठे डाग आहे, कुठला कोपरा मंद झाला आहे, हे लगेच कळतं. ही परीक्षा टीव्ही घरी आल्याच्या दिवशी करावी, मोबाइलने फोटो काढून ठेवावा आणि दर तीन-चार महिन्यांनी पुन्हा करावी. आमच्याकडे वर्ष उलटण्याच्या सुमारास खालच्या डाव्या बाजूला किंचित अंधारलेला पट्टा दिसू लागला. रोजच्या कार्यक्रमांत तो जाणवत नव्हता, राखाडी पडद्यावर मात्र स्पष्ट होता. असा पट्टा किंवा निळा-जांभळा डाग वॉरंटीत असताना दिसला, तर त्याच दिवशी तक्रार नोंदवावी. तो आपोआप जात नाही, वाढतच जातो.

आवाज: वॅट वाचू नका, संवाद ऐका

२० वॅट म्हणजे दहा-दहा वॅटचे दोन स्पीकर. ते बहुतेक सपाट टीव्हींमध्ये खालच्या कडेला, तोंड जमिनीकडे करून बसवलेले असतात. टीव्ही भिंतीवर टांगला की आवाज आधी खाली जातो आणि मग भिंतीवर, फरशीवर आपटून आपल्यापर्यंत येतो. त्यात टीव्हीची जाडी इतकी कमी की ढोलकीच्या धुमाच्या आवाजाला आत जागाच उरत नाही. खोक्यावर ‘डॉल्बी ॲटमॉस’ लिहिलेलं असलं, तर त्याचा अर्थ एवढाच की टीव्हीला तो सिग्नल समजतो. दोन छोट्या स्पीकरमधून आवाज डोक्यावरून फिरल्याचा अनुभव येत नाही.

आमच्या घरी तक्रार आली ती आईकडून. पार्श्वसंगीत मोठं आणि संवाद बारीक, असं तिचं म्हणणं. संवादासाठी आवाज वाढवला की जाहिरात लागताच कान फुटतात. हे तिच्या कानांचं नाही, ध्वनिमिश्रणाचं आणि स्पीकरचं दुखणं आहे. ओटीटीवरचे चित्रपट सहसा पाच किंवा अधिक स्पीकरांच्या हिशेबाने मिसळलेले असतात, आणि त्यात संवादासाठी मधला स्पीकर स्वतंत्र असतो. टीव्ही तो सगळा माल दोन स्पीकरांत कोंबतो आणि संवाद गर्दीत हरवतात.

यावर तीन उपाय करून पाहावेत. ध्वनीच्या सेटिंग्जमध्ये सराउंड किंवा ‘व्हर्च्युअल’ असं काही सुरू असेल तर ते बंद करा. ‘क्लिअर व्हॉइस’, ‘स्पीच’ किंवा ‘न्यूज’ या नावाचा मोड असेल तो लावा. ओटीटी ॲपच्या आत ध्वनीचे पर्याय असतील, तर ५.१ च्या जागी स्टीरिओ निवडा. आमच्याकडे या तीन गोष्टींनीच संवाद बऱ्यापैकी स्पष्ट झाले. आवाज ऐंशी टक्क्यांच्या पुढे नेला की मागचं प्लॅस्टिकचं झाकण घरघरतं. ते पहिल्या दिवशीही घरघरत होतं आणि आजही तेवढंच घरघरतं. आवाजाच्या बाबतीत काळाने काही बिघडत नाही. जे आहे ते पहिल्या दिवशीच कमी असतं.

पुढे कधी साउंडबार घ्यायचा असेल, तर टीव्हीच्या मागे एखाद्या एचडीएमआय पोर्टवर ‘एआरसी’ लिहिलं आहे का ते खरेदीच्या वेळीच बघून घ्या. तीच वायर जोडली की टीव्हीच्याच रिमोटने साउंडबारचा आवाज कमी-जास्त होतो आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना दुसरा रिमोट हाताळावा लागत नाही. ब्लूटूथने जोडलेल्या स्पीकरवर ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात, असं पुष्कळदा होतं. बातम्यांना ते चालून जाईल, गाण्याला चालत नाही.

ॲपचा वेग: सगळ्यात लवकर म्हातारं होणारं अंग

नव्या टीव्हीवर ॲप झटपट उघडतं आणि सहा-आठ महिन्यांत तेच ॲप ढिम्म होतं, ही तक्रार घरोघरी ऐकू येते. तिची कारणं ठरलेली आहेत. ॲप दर अपडेटला जड होत जातात. टीव्हीची रॅम तेवढीच राहते, कारण मोबाइल आपण तीन-चार वर्षांनी बदलतो पण टीव्ही आठ-दहा वर्षं वापरायचा म्हणून घेतो. आणि साठवण भरत जाते. खोक्यावर १६ जीबी लिहिलेलं असलं तरी त्यातला मोठा भाग प्रणालीने आधीच घेतलेला असतो. ८ जीबीच्या टीव्हीत तर चार-पाच ॲपनंतर जागाच उरत नाही.

हे मोजायचं कसं? मोबाइलमधलं स्टॉपवॉच पुरेसं आहे. प्लगमधून बंद केलेला टीव्ही सुरू करायचा आणि रिमोटच्या बाणाला मुखपृष्ठ प्रतिसाद देईपर्यंतचा वेळ घ्यायचा. मग आपलं नेहमीचं ॲप उघडून त्यातला चित्रपट प्रत्यक्ष सुरू होईपर्यंतचा वेळ. हे दोन आकडे पहिल्या आठवड्यात लिहून ठेवले की पुढची तुलना अंदाजावर राहत नाही. आमचा टीव्ही सुरुवातीला पाऊण मिनिटात तयार व्हायचा. वर्षाच्या शेवटी त्याला सव्वा मिनिट लागू लागलं आणि ॲप उघडायचा वेळ जवळपास दुप्पट झाला.

उपाय करण्याआधी दुखणं टीव्हीचं आहे की इंटरनेटचं, हे ओळखायला हवं. मेन्यू, बाण, अक्षरं टाइप करणं हे सगळंच अडखळत असेल, तर दोष टीव्हीचा. मेन्यू चपळ आहे पण चित्रपट मध्येच थांबून गोल फिरत राहतो, तर दोष जोडणीचा. फोरके चित्रपटासाठी नेटफ्लिक्स १५ एमबीपीएस वेग सुचवतं. घरात शंभरचं कनेक्शन असूनही टीव्हीपर्यंत तेवढं पोचत नाही, कारण राउटर आतल्या खोलीत असतो आणि मध्ये जांभ्याच्या जाड भिंती असतात. राउटरपासून टीव्हीला थेट वायर टाकली की हा प्रश्न कायमचा मिटतो.

दोष टीव्हीचा असेल, तर आधी सेटिंग्जमधल्या सिस्टिम विभागात जाऊन स्टोरेज किती मोकळं आहे ते बघा. एक-दीड जीबीपेक्षा कमी जागा उरली असेल, तर न वापरलेली ॲप काढा आणि उरलेल्यांची कॅशे साफ करा. दुसरं म्हणजे टीव्ही खरोखर रिस्टार्ट करा. रिमोटच्या लाल बटणाने टीव्ही बंद होत नाही, फक्त झोपतो, आणि महिनोन्महिने तसाच झोपून-उठून चालत राहतो. सेटिंग्जमधून रिस्टार्ट किंवा दोन मिनिटं प्लग काढणं, हे आठवड्याला एकदा केलं तरी फरक जाणवतो. तिसरं म्हणजे गुगल टीव्हीमध्ये ‘ॲप्स ओन्ली’ नावाचा पर्याय असतो. तो निवडला की मुखपृष्ठावरच्या शिफारशींच्या रांगा गळून पडतात आणि त्या आणण्यात जाणारी ताकद वाचते. शोध आणि व्हॉइस असिस्टंट मात्र त्यात बंद होतात. हे तिन्ही केल्यावर आमच्या टीव्हीने गमावलेला वेग बराचसा परत मिळवला, सगळा नाही.

याच्याही पुढची मर्यादा ॲपवाल्यांच्या हातात असते. नेटफ्लिक्सने डिसेंबर २०१९ मध्ये सॅमसंगच्या २०१० आणि २०११ च्या काही स्मार्ट टीव्हींवर चालणं थांबवलं. त्या टीव्हींचे पडदे धडधाकट होते, ॲप मात्र गेलं. पण यातून टीव्ही निकामी होत नाही. तीन ते सहा हजारांची स्ट्रीमिंग स्टिक मागच्या एचडीएमआय पोर्टला लावली की टीव्हीची स्मार्ट बाजू नव्याने सुरू होते. म्हणून टीव्ही घेताना ॲपच्या वेगाला मी सगळ्यात कमी महत्त्व देईन. तो सगळ्यात लवकर घसरतो, पण सगळ्यात स्वस्तात भरूनही निघतो.

वॉरंटीनंतर: आवाज आहे, चित्र नाही

वॉरंटी संपून थोडेच महिने झाले होते. एका संध्याकाळी बातम्या चालू असताना पडदा काळा झाला, निवेदकाचा आवाज मात्र सुरूच राहिला. बंद करून पुन्हा सुरू केला, तर कंपनीचं चिन्ह क्षणभर उजळलं आणि पुन्हा अंधार. रिमोटने वाहिनी बदलत होती, आवाज कमी-जास्त होत होता.

अशा वेळी करायची एक साधी परीक्षा आहे. खोलीतले दिवे मालवा, मोबाइलचा टॉर्च पडद्याला अगदी जवळ तिरका धरा आणि रिमोटने मेन्यू उघडा. टॉर्चच्या गोल उजेडात मेन्यूची अक्षरं पुसट दिसली, तर पॅनेल चित्र बनवत आहे, मुख्य बोर्डही ठीक आहे, गेले आहेत ते फक्त मागचे दिवे. आमच्याकडे अक्षरं दिसली. क्षणभर उजळून विझण्याचं कारणही तेच. स्ट्रिपवरचे दिवे एकापाठोपाठ एक, माळेसारखे जोडलेले असतात. त्यातला एक तुटला की पुढे वीज जात नाही आणि त्यांना वीज पुरवणारं सर्किट धोका ओळखून सगळेच दिवे बंद करतं.

कंपनीच्या हेल्पलाइनवर नोंद केली. व्हिजिट चार्ज आणि त्यावर १८ टक्के जीएसटी आधीच सांगितला गेला. रत्नागिरीत अधिकृत केंद्राचा माणूस रोज नसल्याने तंत्रज्ञ यायला आठवडाभर गेला. त्याने टीव्ही न उघडता ‘पॅनेल गेलंय’ असं निदान केलं आणि साडेसतरा हजारांचा अंदाज दिला. टॉर्च लावून दाखवल्यावर त्याने मान्य केलं की दोष बॅकलाइटचा आहे. पण कंपनीकडून स्ट्रिप सुटी मिळत नाही, पॅनेल आणि बॅकलाइट असा पूर्ण संचच येतो, असं त्याने सांगितलं. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्याच्या हातात सुटा भागच दिलेला नव्हता. मात्र अंदाजपत्रक लेखी मागून घेतलं, आणि ते प्रत्येकाने मागावंच.

मग गावातल्या जुन्या मेकॅनिककडे गेलो. पिक्चर ट्यूबच्या काळापासून त्यांचं दुकान आहे. त्यांनी आधी स्पष्ट सांगितलं की पॅनेल उचलताना काच तडकण्याचा धोका असतो आणि तो ग्राहकाने पत्करायचा असतो. हे काम करण्याआधी सांगणारा मेकॅनिक भरवशाचा समजावा. टीव्हीच्या मागच्या स्टिकरवरून मॉडेल क्रमांक आणि आतल्या पॅनेलचा क्रमांक घेऊन त्यांनी स्ट्रिप मागवल्या. दोन्ही क्रमांक लागतात, कारण एकाच मॉडेलमध्ये कंपनी वेगवेगळ्या कारखान्यांची पॅनेलं वापरते आणि त्यांच्या स्ट्रिपची लांबी, दिव्यांची संख्या आणि व्होल्टेज जुळेलच असं नाही.

काम माझ्यासमोर झालं. पडदा दोघांनी मिळून सरळ उचलून गादीवर पालथा ठेवला. त्याखाली प्रकाश पसरवणारे पातळ पांढरे थर निघाले. ते क्रमाने बाजूला ठेवायचे, बोटांचे ठसे उमटू द्यायचे नाहीत. त्याखाली स्ट्रिप दिसल्या, प्रत्येक दिव्यावर पारदर्शक प्लॅस्टिकचं भिंग चिकटवलेलं. टेस्टर लावल्यावर खालच्या स्ट्रिपवरचा डावीकडचा एक दिवा मेलेला निघाला. राखाडी पडद्यावर अंधारलेला पट्टा दिसत होता तो नेमका तिथेच. त्यांनी एकच दिवा न बदलता सगळ्या स्ट्रिप बदलल्या. बाकीचे दिवे तेवढेच तास जळलेले असतात, एक बदलला की काही महिन्यांत दुसरा जातो आणि पडदा पुन्हा उचलावा लागतो. खर्च सुट्या भागांसह साडेतीन हजार झाला.

टीव्ही परत आल्यावर चित्र पूर्वीपेक्षा थोडं निळसर दिसत होतं. रंगछटेच्या सेटिंगमध्ये ‘वॉर्म’ निवडल्यावर ते जुळलं. राखाडी पडद्यावर एका ठिकाणी किंचित जास्त उजेडाचा ठिपका दिसतो, रोजच्या वापरात तो जाणवत नाही. मेकॅनिकनी बॅकलाइट पन्नासच्या वर न्यायचा नाही असं बजावलं. दिव्यांतून जाणारी वीज कमी झाली की उष्णता कमी होते आणि उष्णताच त्यांना मारते. तेव्हापासून टीव्ही व्यवस्थित चालू आहे.

सगळेच बिघाड असे स्वस्तात सुटत नाहीत, म्हणून लक्षणं ओळखता यायला हवीत. प्लग लावल्यावर खालचा लाल दिवाच लागत नसेल, तर बहुधा वीजपुरवठ्याचा बोर्ड गेलेला असतो आणि तो दुरुस्त होतो. टीव्ही कंपनीच्या चिन्हावरच अडकून पुन्हा पुन्हा सुरू होत असेल, तर प्रणालीत किंवा मुख्य बोर्डात दोष असतो. आधी फॅक्टरी रीसेट करून पाहावा. पडद्यावर वरपासून खालपर्यंत उभी रेघ आली किंवा काच आतून तडकली, तर पॅनेल गेलं. त्याची किंमत बहुतेक वेळा नव्या टीव्हीच्या निम्म्याहून अधिक असते, म्हणून तिथे दुरुस्तीचा हट्ट धरू नये. टीव्ही स्वतः उघडण्याच्या फंदातही पडू नये. प्लग काढल्यावरही वीजपुरवठ्याच्या बोर्डातल्या कपॅसिटरमध्ये काही काळ जीवघेणा भार राहू शकतो.

कोकणात आणखी एक धोका आहे, तो मे महिन्यातल्या वळवाचा आणि परतीच्या पावसातल्या विजांचा. आपण प्लग काढतो, पण छतावरच्या डिशची वायर सेट-टॉप बॉक्सला आणि बॉक्सची एचडीएमआय टीव्हीला जोडलेलीच राहते. वीज त्या वाटेने आत येते आणि टीव्हीचा मुख्य बोर्ड जाळते. ढग गडगडू लागले की प्लगबरोबर डिशची आणि इंटरनेटची वायरही काढावी. अशा नुकसानीला वॉरंटीत बहुधा भरपाई मिळत नाही.

वाढीव वॉरंटी घ्यावी का? आमच्या टीव्हीला कंपनीने दोन वर्षांच्या वाढीव वॉरंटीसाठी अडीच हजार सांगितले होते. पॅनेलचा अंदाज साडेसतरा हजारांचा येतो हे पाहता ती रक्कम जास्त नाही, पण तीन गोष्टी वाचल्यावरच पैसे द्यावेत. पॅनेल आणि बॅकलाइट त्यात स्पष्ट शब्दांत धरलेले आहेत का? वॉरंटी टीव्ही कंपनीची आहे की दुकानाने तिसऱ्याच कंपनीकडून विकलेली? आणि भाग मिळाला नाही तर टीव्हीची किंमत परत मिळते का, आणि वापराचे पैसे कापून किती? दुकानदार तोंडी ‘सगळं कव्हर आहे’ म्हणाला तरी कागदावरचंच धरावं.

कंपनी टाळाटाळ करत असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे मराठीतही तक्रार नोंदवता येते. त्यानेही भागलं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तिथे शुल्क लागत नाही आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. यासाठी बिल, मागच्या स्टिकरचा फोटो, तक्रार क्रमांक आणि लेखी अंदाजपत्रक एवढं हाताशी असावं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ नावाचं पोर्टल सुरू केलं आहे. सहभागी कंपन्यांनी दुरुस्तीची आणि सुट्या भागांची माहिती तिथे द्यावी, अशी त्यामागची कल्पना आहे. स्ट्रिपसारखा किरकोळ भाग सुटा मिळण्याची सोय प्रत्येक कंपनीने केली, तर हजारो धडधाकट पडदे भंगारात जाण्यापासून वाचतील. ग्राहकांनी ही मागणी तक्रारीत लेखी करत राहायला हवी.

निकाल

दीड वर्षानंतर आमच्या टीव्हीचा हिशेब असा आहे. चित्र योग्य मोडवर लावल्यावर या किमतीला उत्तम. आवाज कामापुरता. ॲपचा वेग मध्यम आणि आणखी घसरणारा. कंपनीची वॉरंटीनंतरची सेवा नापास. टीव्ही वाचला तो गावातल्या कारागिरामुळे.

त्यामुळे पुढचा टीव्ही घेताना मी क्रम उलटा लावेन आणि तुम्हालाही तेच सांगेन. दुकानात जाण्याआधी कंपनीच्या हेल्पलाइनला फोन करा आणि आपला पिनकोड सांगून विचारा की इथे तंत्रज्ञ किती दिवसांत येतो, वॉरंटीनंतर व्हिजिट चार्ज किती आणि बॅकलाइट स्ट्रिप सुटी मिळते का. या तीन प्रश्नांची सरळ उत्तरं देणाऱ्या कंपनीचाच टीव्ही घ्या, मग तो दोन हजारांनी महाग पडला तरी चालेल.